न चाखता मीठ

"आई, उकळी आल्यावर डावानेच चाखून बघितलं तर सासूबाई म्हणाल्या, 'उष्टं केलंस की गं!' दुसऱ्या दिवशी न चाखता केलं तर आमटीचा नुसता जाळ झाला. तुला कसं कळतं?"

प्रिय चिऊ,

कालपासून तुझा मेसेज तीनदा वाचला. इथे मस्कतला बसून तुमच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये, हे मला कळतं. पण 'उष्टं' वाचलं आणि सोलापूरचं बाळीवेशीतलं घर आठवलं. देवाला पान दाखवेपर्यंत आज्जी जिभेवर कण ठेवायची नाही, तरी तिचं मीठ चुकायचं नाही. मला ती जादू वाटायची. तिचं बघून दहाव्या वर्षी मीही न चाखता शेंगांची आमटी केली. आप्पांनी तांब्याभर पाणी पिऊन ती संपवली, बोलले काही नाहीत.

आता वाटतं, जादू कसली! पातेलं तेच, मिठाचा चमचा तोच, काळं तिखट वर्षभराचं एकदाच कुटलेलं. सगळं मोजलेलंच होतं. नवं तिखट आलं की मात्र ती चिमूटभर तेलात कालवून भाकरीच्या तुकड्याला लावून बघायची. रंगावर भुलायची नाही. ब्याडगी लालभडक दिसते पण सौम्य असते, लवंगी उलटी.

तुझ्याकडे तिखट त्यांचं, हात माझा. म्हणून आधी माप धर. चौघांना वाटीभर शेंगदाण्यांचा कूट, चार वाट्या गरम पाणी, एक सपाट चमचा काळं तिखट, मीठ त्याहून थोडं कमी. फोडणीच्या तेलात तिखट घालताना गॅस बंद कर, करपलं की कडू होतं. मग कूट, पाणी घालून दहा मिनिटं मंद उकळू दे. तोवर चाखूच नकोस, कूट दाटला की चव बदलते.

आणि चाखायचं ते तळापासून ढवळून. तिखटपणा तेलात उतरतो, म्हणून वरचा कट जाळ लागतो आणि खालचं सपक. डावातून थेंबभर तळहातावर घे, फुंकर मार, चाख, हात धू. डाव तोंडाला लावायचा नाही. माझ्या मते हे उष्टं नव्हे, पण तुझ्या सासूबाईंना पटेल का, कोण जाणे. आपली भाकरी अळणी, तेव्हा नुसती आमटी किंचित खारी लागली तर घासाला बरोबर लागते.

तिखट झालीच तर नुसतं पाणी ओतू नकोस. मीठ पातळ होतं आणि तिखट तेलाबरोबर वर तरंगत राहतं. दोन चमचे कूट घाल, पुन्हा उकळ, मग मीठ बघ.

नैवेद्याच्या दिवशी मात्र मापानेच कर, चाखू नकोस. त्यांचं तिखट कुठल्या मिरचीचं, तेही विचार. मी विचारायला सांगितलं, असं मात्र सांगू नकोस.

तुझी आई