मोरॅटोरियम : रिकामटेकडेपणाचं भारदस्त नाव?

प्रश्न : "आमचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. पुढे काय करायचं ते ठरवत नाही, विचारलं तर खांदे उडवतो. समुपदेशक म्हणतात तो 'मोरॅटोरियम'मध्ये आहे. हा शब्द इथे कसा आला आणि मराठीत काय म्हणावं?"

कर्जाच्या हप्त्यांमुळे 'मोरॅटोरियम' घरोघरी पोचला आहे, तेव्हा तो अर्थ सोडून देतो. मात्र या शब्दाचा 'मृत्यू'शी संबंध जोडणाऱ्यांना आधी आवरायला हवं. मूळ लॅटिन 'मोरा' म्हणजे विलंब. छंदशास्त्रात मात्रेला 'मोरा' म्हणतात तो हाच. रोमन कायद्यात मात्र 'मोरा' हा ऋणकोचा दोष होता: वेळेत फेड केली नाही की तो 'मोरा'त सापडला. मोरॅटोरियम म्हणजे तोच उशीर, पण परवानगीने केलेला. कालचा गुन्हा आज सवलत झाला!

एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने हा शब्द १९५०च्या दशकात पौगंडावस्थेला लावला. मोठेपणाच्या जबाबदाऱ्या समाज काही काळ लांबवतो आणि त्या काळात मुलांनी निरनिराळ्या भूमिका घालून पाहाव्यात, अशी त्याची कल्पना. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवरच्या १९५८च्या पुस्तकात त्याने ल्यूथरच्या मठातल्या वर्षांकडेही असंच पाहिलं. मठातला माणूस हातावर हात ठेवून बसलेला नसतो, हे सांगायला नकोच.

आता ज्यांना 'स्थगिती' हा प्रतिशब्द पुरेसा वाटतो त्या पंडितांविषयी. संस्कृत 'स्थग्' म्हणजे झाकणं. पौगंडावस्थेत काय झाकलं जातं? उलट सगळं उघडून, चाचपून बघितलं जातं. शिवाय स्थगितीत काम थांबतं, इथे निर्णय थांबतो आणि काम जोरात चालतं. मला विचाराल तर 'मुदत' घ्या. अरबीत म-द-द या धातूचा अर्थ ताणणं, लांबवणं. त्यातून 'मुदत' आली आणि त्यातूनच 'मदत'ही आली. मुदत आणि मदत सख्ख्या बहिणी! वेळ ताणून देणं हीच मदत, हे एरिक्सनचं म्हणणं आपल्या बोलीत आधीच बसलेलं आहे. पंडितांना हा शब्द फार साधा वाटतो, एवढाच त्याचा अपराध.

माझा लाडका तर्क पुढेच आहे. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एरिक्सनच्या कल्पनेवरून तरुणांची स्वतःची ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या, मोरॅटोरियम त्यातलीच एक. दुसऱ्या एकीला त्याने 'फोरक्लोजर' म्हटलं, आणि हाही गहाणवटीच्या कायद्यातला शब्द: मुदत संपली, मालमत्ता सोडवायचा हक्क बुडाला, दार बंद. एकाने सावकारी शब्द आणला आणि दुसऱ्याने त्याची जोडी लावली, हा योगायोग मला पटत नाही. आईवडिलांनी आखलेली वाट काहीही न तपासता धरणाऱ्या मुलाला मार्सिया फोरक्लोजरमध्ये टाकतो. अशा मुलाचं घरी कौतुक होतं, पण त्याने मुदत न वापरताच दार लावून घेतलेलं असतं.

मार्सियाने ८६ महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेतल्या. व्यवसाय, धर्म, राजकारण या प्रत्येक बाबतीत त्याला दोनच गोष्टी बघायच्या होत्या: पर्यायांशी झटापट झाली का, आणि कशाला बांधून घेतलं का. त्याचा एक प्रश्न असा, की यापेक्षा चांगलं काही समोर आलं तर हा व्यवसाय सोडशील का? फोरक्लोजरवाला म्हणतो, मला नेहमी हेच करायचं होतं, घरचेही खूश आहेत. शोध घेऊन ठरवलेला म्हणतो, सोडेनही, पण शंकाच आहे, याहून चांगलं काय असेल ते दिसत नाही. मुदतीतला घुटमळतो: मला नक्की माहीत असतं तर सांगता आलं असतं, पण याच्या जवळपासचंच काहीतरी असावं लागेल. आणि चौथा चटकन म्हणतो, हो, लगेच सोडीन!

या चौथ्याला मार्सिया 'डिफ्यूजन' म्हणतो. शोध चालू नाही, बांधिलकीही नाही. खांदे उडवणारी मुलं बहुधा इथे सापडतात, आणि त्यांना सर्रास 'मोरॅटोरियम' चिकटवलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुदतीतला मुलगा निवांत नसतो. मार्सियाच्या एका पाहणीत चिंता सर्वाधिक याच गटात आढळली. तो वाद घालतो, अर्धवट काहीबाही सुरू करतो, काल पटलेलं आज नाकारतो. हप्ता थांबला तरी व्याज चढतच असतं. आणि हा शोध नुसताच मनात घोळत राहिला, तर मुदतीतून बाहेर पडायची वाटही सापडत नाही.

तुमच्या मुलाविषयी खांद्यांवरून निकाल देता येणार नाही. घरच्यांपुढे खांदे उडवणारा मित्रांपुढे तासभर तावातावाने बोलत असेल. शिवाय व्यवसायाच्या बाबतीत डिफ्यूजन, धर्माच्या बाबतीत फोरक्लोजर आणि राजकारणाच्या बाबतीत मुदत, असं एकाच मुलाचं असू शकतं. तेव्हा समुपदेशकांना विचारा: मोरॅटोरियम कोणत्या बाबतीत, आणि तो सध्या काय काय तपासून पाहतोय?