भागाकार सोपा, छेद अवघड

दर लाभार्थी खर्च काढताना आधी छेद ठरवा, म्हणजे लाभार्थी कोणाला म्हणायचं ते. आणि हे कार्यक्रम सुरू होण्याआधीच लिहून ठेवा. नंतर ठरवलं की आकडा हवा तसा वळतो.

समजा, शिवण प्रशिक्षणाचा प्रकल्प आहे. प्रशिक्षक आणि साहित्यावर ९ लाख खर्च, नोंदवहीत ४०० नावं. भागाकार २,२५०. दिसायला छान! पण समन्वयकाचा अर्धा पगार, कार्यालयाच्या भाड्यातला वाटा, हिशेबनिसाचा वेळ हे ३ लाख दुसऱ्याच शीर्षाखाली पडलेत. खरा खर्च १२ लाख. नोंदवहीतली काही नावं दोन-दोन तुकड्यांत आहेत, वेगळी माणसं ३००च. त्यातल्या २०० जणींनी अभ्यासक्रम पूर्ण केला. म्हणजे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीमागे ४,०००, पूर्ण करणारीमागे ६,०००. अहवालात दोन्ही द्या, व्याख्येसकट. सोडून गेलेल्यांवरचा खर्च वजा करू नका, तो झालेलाच आहे.

कुटुंबातले पाच जण धरून लाभार्थी पाचपट करायची युक्ती कोणीतरी सुचवेलच. अप्रत्यक्ष लाभार्थी वेगळ्या ओळीत लिहा, छेदात नको.

आणि एका दिवसाच्या शिबिराशी या ६,०००ची तुलना कोणी मागितली, तर दोन्हीकडचे प्रशिक्षणाचे तास शेजारी मांडा.