कमिटीला पत्रात नेमकं काय मागावं?

प्रश्न: "सांगलीत विश्रामबागला आमची वीस फ्लॅटची सोसायटी आहे. पुनर्विकासासाठी कमिटीने बिल्डर ठरवला म्हणतात, कॉर्पसही ठरलाय म्हणे. पत्रात काय विचारू?"

उत्तर: आधी दोन गोष्टी लेखी मागा: सगळ्या निविदांचा तुलनात्मक तक्ता आणि कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या निधीच्या, अटींचा मसुदा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानुसार बिल्डरची निवड कमिटी परस्पर करत नाही. ती निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सर्वसाधारण सभेत होते. त्या सभेचं इतिवृत्तही मागा. सभाच झाली नसेल तर तिथेच कळेल.

कॉर्पसबद्दल "किती" एवढंच विचारू नका, खरी मेख पुढे असते. समजा चौरस फुटाला 300 रुपये सांगितले. 500 फुटांवर दीड लाख होतात, पण बिल्डरने 430 फूट मोजले तर 1 लाख 29 हजार. म्हणून विचारा:

- क्षेत्रफळ कोणतं, जुन्या करारातलं की नव्या मोजणीतलं?
- पैसे सभासदाच्या खात्यात की सोसायटीच्या?
- हप्ते कधी? सगळी रक्कम ताबा देताना असेल तर काम रखडलं की तीही अडकते.

पत्र सचिवांना देऊन पोच घ्या, प्रत मिरज तालुक्याच्या उपनिबंधकांना. तोंडी "बघतो" म्हणजे काहीच नाही.

मात्र हे नोंदणीकृत सहकारी संस्थेलाच लागू. आपल्याकडे बऱ्याच इमारती घोषणापत्रावरच्या "अपार्टमेंट" असतात. तसं असेल तर 79अ चा आधार घेता येणार नाही, आधी नोंदणी प्रमाणपत्र बघा.