क्वेरी लेटर आलंय? आधी 'आजार कधीपासून' हा प्रश्न बघा

आरोग्य विम्याच्या क्लेमवर कंपनीने आणखी कागद मागणारं पत्र, म्हणजे क्वेरी लेटर, पाठवलंय म्हणून घाबरू नका, क्वेरी म्हणजे नकार नव्हे. पण हॉस्पिटलची अख्खी फाईल उचलून पुन्हा पाठवू नका. पत्रात मागितलेल्या कागदांचा क्रम तोच ठेवून उत्तर लिहा, वर क्लेम नंबर टाका. एखादा कागद मुळात नसेलच, तर तो मुद्दा गाळू नका. 'हा कागद नाही, कारण अमुक' असं लिहा. गाळलात की तीच क्वेरी परत येते.

तुम्हाला आलेल्या पत्रात कंपनीने पहिल्या तपासणीचा कागद आणि 'आजार किती दिवसांपासून' याचा डॉक्टरांचा दाखला मागितलाय. खरी मेख इथेच आहे. पॉलिसी घेण्याआधीपासून आजार होता का, हे कंपनीला बघायचंय. माझ्या भावाच्या डिस्चार्ज कार्डावर शुगर '1 वर्ष'ऐवजी '10 वर्षे' पडलं होतं. पॉलिसी होती 4 वर्षांची! आम्ही त्या आकड्याला हातही लावला नाही. स्वतः खाडाखोड केली तर खरा कागदही खोटा ठरतो. डॉक्टरांकडून लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र घेतलं, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. सोबत शुगर पहिल्यांदा वाढलेली दिसली तो लॅब रिपोर्ट जोडला, कारण नुसत्या पत्रावर ते सहसा विश्वास ठेवत नाहीत. हॉस्पिटलच्या केसपेपरवरही काय लिहिलंय ते आधी बघून घ्या, तिथे 10च असेल तर दुरुस्तीपत्र लंगडं पडतं.

मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. मुदतीत दाखला मिळत नसेल, तर मुदत संपायच्या आतच ईमेलने वाढवून मागा.