‘परस्परप्रभाव’ की ‘फरकातला फरक’?

*संशोधन प्रस्तावात ‘इंटरॅक्शन इफेक्ट’साठी ‘परस्परप्रभाव’ असे लिहिले आहे. परीक्षक विचारतात, मुख्य प्रभावाला १२८ विद्यार्थी पुरतात, मग यालाच जास्त का? शब्द बरोबर आहे का, आणि कारण मराठीत कसे मांडू?*

शब्द बदला, असे मी सुचवेन. ‘परस्परप्रभाव’ वाचला की दोन घटक एकमेकांवर प्रभाव टाकतात असे वाटते, आणि इथे तसे काहीच म्हणायचे नसते. समजा, तुम्ही शिकवण्याच्या दोन पद्धती आणि विद्यार्थ्यांची पूर्वतयारी (आहे किंवा नाही) असे दोन घटक घेतले. पद्धतीमुळे पूर्वतयारी बदलत नाही, पूर्वतयारीमुळे पद्धतही बदलत नाही. प्रश्न एवढाच, की नव्या पद्धतीचा फायदा दोन्ही गटांना सारखा होतो की कमीजास्त? शीर्षकात रूढ ‘आंतरक्रिया’ ठेवा, पण पहिल्याच वाक्यात ‘म्हणजे फरकातला फरक’ असे उलगडून सांगा. मला हा शब्दप्रयोग आवडतो, कारण परीक्षकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

आता तुमचेच १२८ घेऊ. गुणांचे प्रमाण विचलन १० आणि नव्या पद्धतीचा अपेक्षित फायदा ५ गुण असे धरू. दोन्ही पद्धतींकडे ६४-६४ जण. ६४ जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १० भागिले ८, म्हणजे १.२५. दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली की दोघींची अनिश्चितता एकत्र येते आणि त्रुटी १.७७ होते. ५ गुणांचा फायदा तिच्या सुमारे २.८ पट आहे. ५ टक्के सार्थकता पातळीवर ८० टक्के पॉवर मिळायला तेवढे लागतेच, म्हणून १२८ पुरतात.

फरकातल्या फरकासाठी मात्र तेच १२८ जण चार कप्प्यांत विभागले जातात, प्रत्येकात ३२. पूर्वतयारी असलेल्यांमध्ये दोन पद्धतींतला फरक काढला, तर त्याची त्रुटी २.५. नसलेल्यांमध्येही २.५. मग या दोन फरकांची वजाबाकी करायची, आणि त्रुटी पोचते ३.५४ वर, म्हणजे मुख्य प्रभावाच्या बरोबर दुप्पट. वजाबाकीत अनिश्चितता वजा होत नाही, तिची भरच पडते. इथे वजाबाकी एकदा जास्त करावी लागते आणि प्रत्येक फरकाच्या वाट्याला माणसेही निम्मीच येतात. त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. म्हणून फरकातला फरकही ५ गुणांचाच असला तरी ५१२ जण हवेत. १२८ जणांतच तो शोधायला गेलात, तर सापडण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास राहते.

खरा पेच पुढे आहे. फरकातला फरक मुख्य प्रभावाएवढा मोठा असेल, असे आपण कशावरून धरतो? एका गटाला ६.२५ गुणांचा फायदा आणि दुसऱ्याला ३.७५, हे चित्र पुष्कळदा जास्त संभवनीय असते. सरासरी फायदा ५ च राहतो, पण फरकातला फरक २.५. आकार निम्मा झाला की नमुना पुन्हा चौपट, म्हणजे २,०४८. सोळा पट हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण तो या दोन पायऱ्यांतूनच येतो.

मात्र ‘आंतरक्रियेला नेहमीच जास्त नमुना लागतो’ असे सरसकट लिहू नका. नवी पद्धत एका गटाला ५ गुणांनी तारक आणि दुसऱ्याला ५ गुणांनी मारक ठरत असेल, तर फरकातला फरक १० होतो, आणि १० ला ३.५४ ने भागले की पुन्हा २.८ च येतात. तिथे १२८ पुरतात. चाणाक्ष परीक्षक नेमका हाच दाखला देतील. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींसाठी प्रभावाचा एकच ‘मध्यम’ आकार भरला की दोन्हीकडे सारखाच नमुना येतो, त्याचे कारणही हेच: आंतरक्रियेसाठी तो आकडा भरताना आपण नकळत फरकातला फरक असाच १० गुणांचा, म्हणजे मुख्य प्रभावाच्या दुप्पट, गृहीत धरलेला असतो. म्हणून आकार गुणांत सांगा, नुसता ‘मध्यम’ म्हणू नका.

प्रस्तावात मी असे लिहीन:

“पद्धतीचा फायदा दोन्ही गटांत एकाच दिशेने, पण पूर्वतयारी नसलेल्यांमध्ये ५ गुणांनी अधिक असेल असे आम्ही मानतो. हा फरकातला फरक चार कप्प्यांच्या सरासऱ्यांवरून काढावा लागत असल्याने त्याची प्रमाण त्रुटी मुख्य प्रभावाच्या दुप्पट येते. म्हणून ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक कप्प्यात १२८, एकूण ५१२ विद्यार्थी घेतले आहेत.”

हे गणित चारही कप्पे सारखे भरतील असे धरून आहे. पूर्वतयारी असलेले पाचांत एकच निघाले, तर तेवढ्याच अचूकतेसाठी ५१२ चे ८०० होतात. तेव्हा भरती करतानाच दोन्ही गट सारखे घेणार का, तेही त्याच परिच्छेदात नोंदवा.