फूटपट्टी, समोच्च रेषा आणि चढाचा बाण

प्रश्न : आंशिक अवकलज काढताना ‘y स्थिर धरा’ म्हणतात. डोंगरावर y स्थिर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नाकासमोर पूर्वेला चालायचं, उत्तरेला किंवा दक्षिणेला एक पाऊलही सरकायचं नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावरचे २ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांच्या उंचीत साधारणपणे २० मीटरचा फरक असतो. x पूर्वेकडे, y उत्तरेकडे आणि उंची h मानू.

समजा, तुम्ही ७०० मीटरच्या रेषेवर उभे आहात. फूटपट्टी आडवी धरून पूर्वेकडे मोजलं, तर ७२० ची रेषा ४ मिलिमीटरवर लागते. म्हणजे २०० मीटर चाललात की २० मीटर वर येता, म्हणून पूर्वेकडचा चढ, म्हणजेच आंशिक अवकलज ∂h/∂x = २०/२०० = ०.१. आता फूटपट्टी उभी धरा. उत्तरेकडे तीच रेषा २ मिलिमीटरवर, म्हणजे १०० मीटरवर आहे, म्हणून ∂h/∂y = ०.२. जागा एकच, पण चढ दोन. दिशा सांगितल्याशिवाय ‘इथे चढ किती?’ हा प्रश्नच पुरा होत नाही.

प्रश्न : पण पूर्व आणि उत्तर असे दोनच आकडे घेऊन बाकी सगळ्या दिशांचा चढ कसा कळतो? आणि या दोन आकड्यांचा बाण, म्हणजे ग्रेडियंट, समोच्च रेषेला लंबच का?

जमिनीचा पुरेसा लहान तुकडा घेतला की तो तिरक्या ठेवलेल्या फळीसारखा दिसतो आणि त्यावरच्या समोच्च रेषा सरळ, समांतर होतात. फळी कशी कललेली आहे हे सांगायला दोन दिशांचे चढ पुरतात. पूर्वेला a मीटर आणि उत्तरेला b मीटर गेलात, तर उंची ०.१a + ०.२b मीटरने वाढते. २ मीटर पूर्वेला आणि १ मीटर दक्षिणेला जाऊन पाहा : ०.२ − ०.२ = ०. उंची बदलली नाही, म्हणजे ही समोच्च रेषेचीच दिशा.

७२० ची रेषा पूर्वेला २०० मीटरवर आणि उत्तरेला १०० मीटरवर आहे. तिच्यापर्यंतची सर्वांत जवळची वाट मात्र तिच्यावर टाकलेल्या लंबाची, सुमारे ८९ मीटर. तेवढेच २० मीटर सर्वांत कमी चालीत चढायचे, म्हणून चढ तिथेच सर्वांत जास्त : २०/८९, सुमारे ०.२२४. आता ग्रेडियंटची, म्हणजे (०.१, ०.२) या बाणाची लांबी काढा : √(०.०१ + ०.०४), तीही ०.२२४. बाणाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे २७ अंश, त्याच लंबावर. या बाणाशी ६० अंशांचा कोन करून चाललात तर cos ६०° = ½, म्हणून चढ निम्मा होतो. घाटातला रस्ता वळणं घेत जातो तो याचसाठी.

प्रश्न : मग बाणाच्या दिशेने सरळ चालत राहिलं की शिखर गाठता येईल ना?

सहसा नाही. बाणाला फक्त तुमच्या पायाखालचा उतार ठाऊक असतो. लांबट डोंगराच्या कुशीत उभे असाल तर तो शिखराकडे नाही, वरच्या धारेकडे नेतो. शिखराकडे जायला तिथून वळावं लागतं, म्हणून पावलापावलाला बाण नव्याने काढायचा. समोच्च रेषा अगदी वर्तुळाकार आणि एकाच केंद्राभोवतीच्या असतील तरच कुठूनही पहिलाच बाण शिखराकडे रोखलेला असतो. आणखी एक चूक उत्तरपत्रिकांमध्ये मला वारंवार दिसते : बाण डोंगराच्या अंगावर, वर चढत जाणारा काढलेला असतो. त्याला घटक दोनच आहेत. तो नकाशाच्या कागदावर आडवा पडलेला असतो आणि चढ त्याच्या लांबीत असतो.

बाणाची लांबी शून्य झाली म्हणून माथा आला असंही नाही. खिंडीच्या मध्यावर दोन बाजूंना जमीन चढते, दोन बाजूंना उतरते, आणि तिथेही दोन्ही आंशिक अवकलज शून्यच असतात.

प्रश्न : नकाशावरून काढलेला हा आकडा कितपत खरा धरावा?

तो दोन रेषांमधली सरासरी आहे. त्या २० मीटरांत १५ मीटरचा सरळ कातळ लपलेला असू शकतो आणि समोच्च रेषांत त्याचा मागमूसही नसतो. म्हणून मागचीही रेषा मोजा. वरच्याच उदाहरणात ६८० ची रेषा पश्चिमेला १ मिलिमीटरवर, म्हणजे ५० मीटरवर निघाली, तर त्या बाजूचा चढ ०.४ आणि पुढचा ०.१. दोन्ही मिळून ४०/२५०, म्हणजे ०.१६ येतो खरा, पण ०.४ आणि ०.१ इतके वेगळे असताना तुमच्या पायाशीच उतार मोडतोय हे ओळखावं. तिथे फळीची कल्पना या प्रमाणावर चालत नाही, जास्त बारकाव्याचा नकाशा हवा. आणि जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा आहे. उभ्या कड्यावर अवकलज काढताच येत नाही.