कॉफीने झोप जाते की फक्त लांबते?

प्रश्न: उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करतो. पहाटे ४ ला कॉफी घेतली की ६ पर्यंत तरतरी असते, पण घरी आल्यावर नीट झोप लागत नाही. असं का?

उत्तर: झोप लांबते, जात नाही. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांवर, म्हणजे संकेत घेणाऱ्या जागांवर, बसलं की मेंदूचं काम मंदावतं आणि झोप येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी इतका मिळता आहे की ते त्याच जागेवर बसतं, जसं कुलपात चुकीची किल्ली अडकून राहावी. जागा अडते, पण झोपेचा संकेत पुढे जात नाही.

मात्र अ‍ॅडेनोसिन संपलेलं नसतं, उलट साठतच असतं. कॅफीन उतरलं की ते मोकळ्या जागांवर बसतं, म्हणून थकवा एकदम जाणवतो.

आता तुमचा हिशोब. कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. ४ च्या कपात १०० मिलिग्रॅम धरलं, तर ९ ला अंथरुणावर पडताना ५० शिल्लक असतं. झोप लागली तरी ती उथळ राहते, आणि हे आपल्याला नेहमी कळतंही नाही.

कॉफी पाळीच्या सुरुवातीला, १० च्या सुमारास घ्या; दुसरा कप हवाच असेल तर १ च्या आत. पूर्ण परिणाम यायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून डोळे मिटू लागण्याची वाट पाहू नका. रोज बरेच कप घेतले तर मेंदू ग्राहक वाढवतो आणि तेवढीच कॉफी कमी पडू लागते.